गालफडं आणि कानशिलं बसलीत: स्वतःची चरबी भरावी की फिलर?

"डॉक्टर, मी ५६ वर्षांची, निफाडकडची. मधुमेह निघाल्यावर वर्षभरात १२ किलो वजन उतरवलं. शुगर आता आटोक्यात आहे, पण कानशिलाला खड्डे पडलेत, गाल आत गेलेत. जो भेटेल तो 'आजारी होतीस का?' विचारतो. एक डॉक्टर म्हणाले, मांडीची चरबी काढून तिथे भरू, कायमचं काम होईल. दुसरे म्हणाले, फिलर घ्या, पंधरा मिनिटांत होतं. फेब्रुवारीत मुलीचं लग्न आहे. कोणतं जास्त टिकतं आणि कशात धोका कमी?"

ताई, आधी एक विचारतो. तुमचं वजन आता किती महिने एकाच आकड्यावर आहे? चरबी आणि फिलर यांच्यातली निवड मी सगळ्यात आधी या एका गोष्टीवर करतो. वजन अजून उतरत असेल तर आज भरलेली चरबीही त्याच्याबरोबर उतरेल. सहा महिने काट्यावर एक-दोन किलोच्या आतच फरक असेल तरच मांडीची चरबी चेहऱ्यात न्यायचा विचार करावा. आणि वजन तुम्ही ठरवून, आहार सांभाळून उतरवलंय ना? न ठरवता आपोआप उतरलं असेल तर चेहऱ्याचं बाजूला ठेवून आधी थायरॉइड, छातीचा एक्स-रे आणि शुगरचा तीन महिन्यांचा रिपोर्ट बघतो. गालफडं बसली म्हणून आलेल्या माणसात क्षय सापडल्याचं मी दोनदा पाहिलंय.

आता खड्डा नेमका कशाचा, ते बघू. वय वाढतं तसं गालाच्या खोल थरातली चरबी झिजते आणि तिच्याखालचं वरच्या जबड्याचं हाडही मागे सरकतं. वरच्या दाढा पडून गेल्या असतील तर तिथलं हाड आणखी झिजतं आणि गालाला आतून आधार उरत नाही. म्हणून माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला मी तोंड उघडायला लावतो. दाढा नसतील तर आधी दाताच्या डॉक्टरांकडे पाठवतो. दात बसवल्यावर गाल थोडा भरतो आणि पुढच्या कामाचा अंदाज बदलतो. कानशिलाचं वेगळं आहे. तिथे चावण्याचा स्नायू पंख्यासारखा पसरलेला असतो आणि त्याच्या वर-खाली चरबीचे पातळ थर असतात. तुमच्यासारखं वजन झपाट्याने उतरलं की हे थर आटतात आणि कवटीची कड उठून दिसायला लागते. भुवईच्या शेपटीला खाली आधार नसल्याने ती उतरल्यासारखी दिसते. लोक आजारी होतीस का विचारतात ते बहुतेक या कडेमुळे. गालापेक्षा कानशील जास्त चुगली करतं.

फिलर म्हणजे बहुतेक वेळा हायल्युरॉनिक ॲसिडचं जेल. हा पदार्थ आपल्या त्वचेत मुळातच असतो. कारखान्यात त्याचे धागे एकमेकांना बांधून तो टिकाऊ केलेला असतो. कानशिलात तो बहुतेक वेळा हाडाला टेकवून सोडतात. भुवईच्या शेपटीजवळ कवटीची कड जिथे सुरू होते, तिथून कडेवर एक सेंटीमीटर वर आणि मग एक सेंटीमीटर कानाच्या दिशेला, अशी जागा मी पेनने आखतो. सुई सरळ हाडापर्यंत नेतो, हाड लागलं की थांबतो, सुई मागे ओढून रक्त येतं का बघतो आणि मग अगदी सावकाश जेल सोडतो. एका बाजूला साधारण एक मिली लागतं, खड्डा मोठा असेल तर दोन. वरवर सोडलं तर तिथली त्वचा पातळ असल्याने गोळा किंवा निळसर झाक दिसते, म्हणून खोल. पुढचे दोन-तीन दिवस भाकरी चावताना कानशील दुखतं, कारण औषध चावण्याच्या स्नायूखाली बसलेलं असतं. तेवढं अपेक्षित असतं.

टिकण्याचं म्हणाल तर ओठापेक्षा कानशिलात फिलर जास्त टिकतं, कारण तिथली हालचाल कमी. वर्ष ते दीड वर्ष धरा, काहींना दोन वर्षं. एमआरआयमध्ये त्याच्यानंतरही जेल सापडलेलं आहे. म्हणजे दिसायला उतरलं तरी आतून पूर्ण गेलेलं असतंच असं नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी "थोडं टॉपअप" करत राहणाऱ्यांचे चेहरे हळूहळू फुगीर होतात. माझ्या हातून असं होऊ नये म्हणून मी जुन्या फोटोशी ताडून बघितल्याशिवाय पुन्हा भरत नाही.

गालाचं गणित यापेक्षा वेगळं. गालाच्या हाडाखाली जो खोलगट भाग पडतो तो चावताना, हसताना सतत हलतो. तो पूर्ण भरायला दर बाजूला दोन-तीन मिली फिलर लागतं, आणि इतकं भरलं की गाल जड दिसतो, हसताना हाडाखाली एक पट्टी उठते. म्हणून तिथे फिलरने मी हाडावरचा भाग थोडा उचलतो आणि खालचा खड्डा अर्धाच मिटवतो. एकेक मिलीची सिरिंज आपल्याकडे वीस हजारांच्या पुढे जाते. दोन्ही कानशिलं आणि दोन्ही गाल धरून पाच-सहा सिरिंज झाल्या की रक्कम लाखाच्या वर जाते, आणि वर्ष-दीड वर्षांनी पुन्हा तोच खर्च. जिथे भरायचं प्रमाण मोठं असतं तिथे चरबीचा विचार करावासा वाटतो तो याच कारणाने.

चरबीचं काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे "कायमचं" या शब्दाचं वजन कळेल. पोट किंवा मांडीच्या आतल्या बाजूला आधी सलाइन, भूल आणि रक्तवाहिन्या आकुंचन करणारं ॲड्रेनलिन सोडतो. दहा-पंधरा मिनिटं थांबून दहा मिलीच्या साध्या सिरिंजला बोथट नळी लावतो आणि हाताने हलकं ओढून चरबी काढतो. मोठं मशीन लावून जोरात ओढलं तर पेशी फुटतात. मग ती चरबी सेंट्रीफ्यूजमध्ये मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी तीन मिनिटं फिरवतो. वर पिवळं तेल येतं, खाली रक्त-पाणी बसतं आणि मधला घट्ट थर वापरायचा. हे तंत्र अमेरिकेचे प्लास्टिक सर्जन सिडनी कोलमन यांनी १९९० च्या दशकात रुळवलं. कल्पना त्याहून खूप जुनी आहे, जर्मनीच्या गुस्ताव नॉयबर यांनी १८९३ मध्येच दंडाची चरबी चेहऱ्याच्या व्रणाखाली भरली होती.

भरताना खरी कसोटी असते. चेहऱ्यात गेलेल्या पेशीला स्वतःचं रक्त नसतं. पहिले काही दिवस ती शेजारच्या ऊतींतून झिरपणाऱ्या प्राणवायूवर जगते, त्यानंतर नव्या रक्तवाहिन्या फुटतात. म्हणून चरबी धाग्यासारखी बारीक पसरावी लागते. एका खेपेत एक मिलीचा दहावा भाग, तोही नळी मागे घेत घेत. गोळा करून ठेवली तर कडेच्या दीड-दोन मिलिमीटरमधल्या पेशी जगतात आणि मधल्या मरतात. तिथे तेलाची पिशवी किंवा टणक गाठ बनते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका ताईंच्या कानशिलात मी हेच केलं. पुन्हा यायला नको म्हणून एकाच बैठकीत हात सैल सोडला. चार महिन्यांनी वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली आणि ती सुईने रिकामी करावी लागली. तेव्हापासून बैठक दोन वेळा करावी लागली तरी चालेल, पण एकदम भरायचं नाही, हा नियम ठेवलाय.

इतकं जपून केलं तरी भरलेल्या चरबीतली किती जगेल हे आधी सांगता येत नाही. साधारण अर्धी राहते असं धरून मी बोलतो, काहींत तीसएक टक्के, काहींत सत्तर. धूम्रपान करणाऱ्यात कमी राहते. शुगर वर असेल तर जखम आणि संसर्ग दोन्हींची भीती, म्हणून तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे HbA1c, सात टक्क्यांच्या आत आल्याशिवाय मी तारीख देत नाही. जे जगतं ते खरंच तुमचं होतं, वर्षानुवर्षं राहतं. पण ते मांडीची चरबी म्हणूनच राहतं, वजन वाढलं की तीही वाढते.

याचं एक उदाहरण माझ्या नीट लक्षात आहे. सिन्नरच्या एक निवृत्त शिक्षिका, वय ५८. वजन ६१ वरून ४९ वर आलेलं आणि आठ महिने तिथेच स्थिर. गाल आणि कानशिलं दोन्ही बसलेली, दाढा शाबूत. पोटावर काही उरलं नव्हतं, म्हणून मांड्यांच्या आतल्या बाजूने साठ मिली ओढली. फिरवल्यावर वापरण्याजोगी पस्तीसच्या आसपास हाती आली. दर गालात सात आणि दर कानशिलात चार, अशी मिळून बावीस मिली भरली, उरलेली टाकून दिली. गुंगीचं इंजेक्शन आणि जागेची भूल, सगळं मिळून दोन तास लागले. तिसऱ्या दिवशी चेहरा इतका सुजला की घरचे घाबरले. त्यांना मी आधीच फोटो दाखवून ठेवले होते म्हणून निभावलं. तीन आठवड्यांनी त्या खूश. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीला फोन आला: "डॉक्टर, सगळं उतरून गेलं हो."

सूज उतरते आणि मेलेली चरबी शोषली जाते, ती याच काळात. म्हणून चार महिन्यांच्या आत मी काहीच ठरवत नाही. चौथ्या महिन्यात तोच प्रकाश, तोच कोन धरून फोटो काढले. दोन्ही गाल आणि उजवं कानशील चांगलं भरलेलं होतं. डाव्या कानशिलात फार कमी राहिलं होतं. पुन्हा मांडीला हात लावण्याऐवजी त्या बाजूला एक मिली फिलर दिलं, तेही सावकाश, कारण एकदा चरबी भरलेल्या जागी आतल्या रक्तवाहिन्या व्रणाने जखडलेल्या असतात आणि सुईसमोरून सरकत नाहीत. वीस महिन्यांनी डावी बाजू उतरली, पुन्हा एक मिली दिलं. तीन वर्षांनी त्या आल्या तेव्हा वजन ५५ झालं होतं. उजवं कानशील फार बदललं नव्हतं, पण गाल गोल झाले होते. त्या म्हणाल्या, आता थोडं कमी करता येतं का? फिलर असतं तर औषध टोचून विरघळवलं असतं. चरबीला तसं औषध नाही. वजन पुन्हा उतरवणं, नाहीतर नळीने बाहेर काढणं, आणि ते चेहऱ्यात फार जिकिरीचं.

टिकण्यात चरबी पुढे, पण चूक सुधारण्यात फिलर पुढे, आणि धोक्याचं सगळं गणित या दुसऱ्या गोष्टीवर येऊन थांबतं.

सूज, काळं-निळं पडणं, थोडी डावी-उजवी तफावत या गोष्टी दोन्हींत होतात आणि जातात. भीती असते ती सुई किंवा नळी रक्तवाहिनीत शिरून आतला पदार्थ वाहून जाण्याची. गालाच्या आणि कानशिलाच्या धमन्यांचे फाटे डोळ्याभोवतीच्या धमन्यांना जोडलेले असतात. दाबाने पदार्थ उलटा ढकलला गेला तर तो डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचू शकतो. तिथलं रक्त तासाभरात, फार तर दीड तासात परत आलं नाही तर दृष्टी बहुतेक जाते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात दृष्टी गेल्याच्या ९८ नोंदी सापडल्या. त्यात जवळपास निम्म्यांमध्ये पदार्थ चरबी होता आणि चतुर्थांशाच्या आसपास हायल्युरॉनिक ॲसिड. बहुतेक घटना भुवयांच्या मधल्या भागात आणि नाकावर टोचताना घडलेल्या, कानशील-गालाच्या त्यामानाने थोड्या. जगभर अशी लाखो इंजेक्शनं होतात, म्हणजे घटना दुर्मीळ आहे. पण चरबी अडकली तर ती बहुतेक वेळा मोठ्या धमनीतच अडकते आणि विरघळत नाही, त्यामुळे मेंदूला झटका बसल्याचीही उदाहरणं आहेत. फिलर अडकलं तर निदान त्वचेसाठी ते विरघळवणारं औषध, हायल्युरोनिडेज, हाताशी असतं.

कानशिलाची आणखी एक गोष्ट फार थोडे सांगतात. गालाच्या हाडाच्या कमानीच्या वर साधारण दोन सेंटीमीटरवर एक जाड शीर आडवी जाते. तिच्यात पदार्थ गेला तर तो गळ्याच्या मोठ्या शिरेतून हृदयात आणि तिथून फुप्फुसात जाऊ शकतो. म्हणून त्या उंचीवर खोलात सुई न घालणं, थोडंच आणि सावकाश सोडणं आणि वरच्या थरात काम करताना बोथट नळी वापरणं, एवढी काळजी मी घेतो. धोका शून्यावर आणणारी युक्ती नाही, अल्ट्रासाउंडने शीर बघून टोचलं तर तो आणखी कमी होतो.

घरी ओळखायचं कसं? फिलर टोचल्यावर भूल उतरली तरी वाढतच जाणारं दुखणं, एखादा पट्टा पांढरा फटक पडणं आणि मग तिथे जाळीदार निळसर-लाल नक्षी उमटणं, ही खूण. बोटाने दाबून सोडलं की त्वचेचा रंग दोन-तीन सेकंदांत परत यायला हवा. नाही आला तर रात्र झाली असली तरी फोन करायचा. गेल्या दोन वर्षांत माझ्याकडे एक बाई अशा आल्या. दुसरीकडे गालात फिलर घेतलेलं, दुसऱ्या दिवशी गाल जाळीसारखा झाला, तिथे त्यांना "रक्त साकळलंय, बर्फ लावा" म्हणून घरी पाठवलं होतं. माझ्याकडे आल्या तेव्हा तीस तास उलटले होते. तासातासाने हायल्युरोनिडेज टोचत गेलो, त्वचेचा रंग परतेपर्यंत. गाल वाचला, पण नाकपुडीजवळ शेंगदाण्याएवढा व्रण राहिला. पहिल्या चार तासांत आल्या असत्या तर तोही राहिला नसता असं मला वाटतं. डोळ्यापुढे अंधारी, डोळ्यात कळ, पापणी पडणं, ओकारी यांपैकी काही टोचतानाच झालं तर ते डोळ्याचं आणि मेंदूचं तातडीचं काम असतं, तिथे दवाखान्यात थांबायचं नाही.

उशिरा उद्भवणारी एक गोष्टही सांगून ठेवतो. हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर कधी महिन्यांनी सुजतं, अनेकदा फ्लू किंवा दाताच्या संसर्गानंतर. घाबरायचं नाही, पण दाखवायचं. म्हणूनच दात काढणं, रूट कॅनाल असलं काही असेल तर ते फिलरच्या आधी दोन आठवडे उरकून घ्या. कायमस्वरूपी फिलर म्हणून सिलिकॉन किंवा तत्सम काही कोणी सुचवलं तर नको म्हणा. त्याच्या गाठी वर्षांनी येतात आणि काढताना चेहऱ्याचं नुकसान होतं.

आता तुमच्या लग्नाचं. वजन अजून उतरत असेल तर या लग्नाआधी चरबीचा विषय काढू नका. वजन स्थिर असलं तरी चरबीला लग्नाआधी चार-पाच महिने हाताशी हवेत. डिसेंबरात केली तर फोटोंमध्ये सूज तरी असेल नाहीतर उतारा तरी. तुमच्या जागी मी कानशिलांपासून सुरुवात केली असती: दर बाजूला एक मिली, लग्नाच्या सहा आठवडे आधी. काळं-निळं पडलेलं जायला आणि हवं तर थोडी दुरुस्ती करायला तेवढा वेळ पुरतो. कानशील भरलं की गालाचा खड्डा आपोआप कमी वाटतो, कारण चेहऱ्याची वरची रुंदी परत येते. गालाला तेव्हा हाडावर अर्धा-एक मिली पुरेल, किंवा काहीच लागणार नाही. उन्हाळ्यात वजन काट्यावर स्थिर दिसलं आणि गाल अजूनही खुपत असेल तर चरबी करू, दोन बैठका होतील या हिशेबाने.

हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, फिजिशियनला विचारूनच. आणि मधुमेह म्हणून रोज सकाळी उपाशी बोटाला टोचून शुगर बघत असाल तर ते आकडे येताना बरोबर आणा, रिपोर्टपेक्षा त्यांतून मला जास्त कळतं.

जाल तिथे दोनच गोष्टी विचारा. डॉक्टर प्लास्टिक सर्जरी किंवा त्वचारोग या विषयातले आहेत का, आणि हायल्युरोनिडेजची बाटली आत्ता फ्रिजमध्ये आहे का, दाखवता का. टोचण्याआधी सिरिंजचं खोकं तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि त्यावरचा बॅच नंबरचा स्टिकर आपल्या फाइलमध्ये चिकटवून घ्या. पुढे कधी सूज आली आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं लागलं तर आत नेमकं कोणतं जेल आहे हे त्याला त्या स्टिकरवरूनच कळेल.